गोदामाची दोन कुलपं: ग्रिल गेट आणि शटर

६ मे

गोदामाला दोन दारं आहेत. मागच्या बाजूला ग्रिल गेट, त्यावर स्लॅब पुढे आलेला असल्याने पाऊस थेट लागत नाही. पुढे रोलिंग शटर. त्याचं कुलूप जमिनीलगत, उघड्यावर, आणि पावसाचा मारा त्याच बाजूने. आज दोन्हीकडे एकाच प्रकारची जुनी कुलपं लटकत आहेत, पितळी अंगाची, आठेक मिलिमीटर कडीची. दोन्ही बदलायची ठरली आहेत.

भागीदाराचं म्हणणं, "एकच चांगलं मॉडेल ठरवू आणि दोन्हीकडे लावू, किल्लीही एकच होईल." किल्लीचा मुद्दा मान्य. पण दोन जागांची परिस्थिती इतकी वेगळी आहे की एकाच कुलपाने दोन्ही भागेल असं मला वाटत नाही. मागे चोराला आडोसा आहे आणि अवजार चालवायला वेळ आहे, पण पाणी नाही. पुढे रस्त्यावरून दिसतं, म्हणजे वेळ कमी, पण पाणी आणि धूळ भरपूर. आधी दोन्ही जागा आणि जुनी कुलपं नीट मोजतो, मग मॉडेल.

९ मे

मागचं जुनं कुलूप काढून बाकावर घेतलं. अंगावर ५० कोरलेलं आहे. हा आकडा अंगाच्या रुंदीचा, कडीचा त्यात काही संबंध नाही. ‘पन्नासचं कुलूप’ म्हणून आपण जे मागतो त्यात कडी सात मिलिमीटरची असू शकते आणि दहाचीही. व्हर्नियर लावला तर कडी ७.९ मिलिमीटर भरली. कोयंड्याला घासत होती तिथला मुलामा उडून खालचं पोलाद दिसतंय.

शटरच्या कुलपाच्या कडीवर प्लॅस्टिकची नळी होती. ती कापून काढल्यावर १०.५ मिलिमीटरची कडी आठाची निघाली. नळी वाईट नाही, ती मुलामा घासण्यापासून वाचवते, पण जाडी मोजायची ती तिच्या आतली.

मग कानस. कडीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीचा कोपरा टेकवून एक हात मारला. कानस खसकन धरली आणि चकचकीत ओरखडा उठला. म्हणजे पोलादाला पाणी दिलेलं नाही, तापवून झटकन थंड करून ते कडक केलेलं नाही, किंवा केलेलं असलं तर नावापुरतं. चांगलं पाणी दिलेल्या कडीवर कानस काचेवरून सरकावी तशी सरकते आणि आवाजही कोरडा, बारीक येतो. एकाच हातावर निकाल लावायचा नाही मात्र. वरच्या क्रोमच्या थरावरही कानस सुरुवातीला सरकते, म्हणून त्याच जागी दोन-तीन हात मारून थर उतरल्यावर काय होतं ते बघायचं. काही कड्यांचं फक्त वरचं कवच कडक असतं आणि गाभा मऊ. कानशीला त्या कडक लागतात, कटरच्या दाबाखाली मात्र कवच तडकतं आणि आतला भाग चिमटला जातो.

वेल्डरकडून दोन फुटी बोल्ट कटर आणला होता. कडी शिकंज्यात धरून कापली. एका माणसाचं वजन हँडलवर पडलं आणि तुटली, तडतडाट वगैरे काही नाही. तुटलेली टोकं दोन्ही बाजूंनी दबून चपटी झालेली, मधे एक बारीक धार. मऊ पोलाद असंच तुटतं. कडक पोलादाचा तुकडा पडतो तो ठिसूळ, दाणेदार तोंडाचा. जुनी कडी कुठेतरी सापडली तर तिची तुटलेली टोकं बघून ती कसली होती हे कळतं.

१३ मे

कडी किती जाड हवी, याचा हिशेब कागदावर केला, कारण दुकानात सगळेच ‘हेवी ड्यूटी’ असतात.

कटर कडी कापतो म्हणजे तिच्या काटछेदावर जोर लावतो. काटछेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ८ मिलिमीटर कडीचा काटछेद साधारण ५० चौरस मिलिमीटर, १० चा ७८, १२ चा ११३. म्हणजे आठावरून बारावर गेलं की जाडी दीडपट, पण कापायला लागणारा जोर सव्वादोनपट. साध्या मऊ पोलादाला कापायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०० न्यूटन धरले तर ८ मिलिमीटरला १५,००० न्यूटन लागतात, म्हणजे दीड टनाच्या आसपास वजन. ऐकायला खूप वाटतं. पण बोल्ट कटरची दुहेरी तरफ नेमकी त्यासाठीच बनवलेली असते. परवा ते पाहिलंच.

आता तीच आठाची कडी चांगलं पाणी दिलेल्या बोरॉन पोलादाची असेल तर ताकद तीन-चार पट होते. साध्या १२ मिलिमीटर कडीपेक्षा कडक केलेली ८ मिलिमीटर कडी कापायला जड जाते, ती यामुळे. शिवाय कडक कडी कटरच्या जबड्यालाच खाते. जबडाही कडक पोलादाचाच, पण त्याची धार कडीच्या कडकपणाच्या जवळपास असेल तर कडी कापण्याऐवजी धारेचा टवका उडतो. कटर बनवणारे म्हणूनच दोन आकडे छापतात, मऊ सळईसाठी एक आणि कडक सळईसाठी त्याहून बराच कमी.

ठरलं ते असं: मागच्या गेटला कडक केलेली कडी, ११ मिलिमीटरच्या खाली नाही. तेवढ्याला दोन फुटी कटर पुरत नाही, साडेतीन फुटी लागतो, आणि तो शर्टाखाली लपत नाही.

ग्राइंडरचा प्रश्न वेगळा, तो इथेच लिहून ठेवतो. पातळ कटिंग चाक लावलेला बॅटरीचा ग्राइंडर कडक-मऊ फारसं बघत नाही. बारा मिलिमीटरची कडक कडीही मिनिटा-दोन मिनिटांत जाते. नेहमीचं कोणतंही पोलादी कुलूप ग्राइंडर थांबवत नाही. ते फक्त वेळ, ठिणग्या आणि आवाज विकत घेतं. त्यामुळे कडी एकदाच कापावी लागते की दोनदा, हे इथे मोलाचं ठरतं. कडी फक्त एका पायाला अडकणारी असेल तर एका ठिकाणी कापून ती फिरवून काढता येते. दोन्ही पायांना अडकणारी असेल तर बहुतेकदा दोनदा कापावी लागते.

ते दुकानात ओळखता येतं. कुलूप उघडून कडीच्या पायांवरच्या खाचा बघायच्या. दोन्ही पायांना आतल्या बाजूने खाच असेल तर दोन्हीकडे पकड. खाच अर्धगोल असेल तर आत पोलादी गोळी बसते, आणि पत्र्याची पातळ पट्टी सरकवून कुलूप उघडायची युक्ती तिथे चालत नाही. एकाच पायाला सरळ, उतरती खाच असेल तर आत स्प्रिंगवरचा खटका आहे. ते दाराला लावायचं कुलूप नव्हे.

१७ मे

जाडीइतकीच, कदाचित जास्तच, महत्त्वाची गोष्ट म्हणजे कडीच्या आत किती मोकळी जागा उरते. कटरच्या जबड्याला कडी पकडायला जागा हवी, पहारीला टोक घालायला फट हवी. फट नसेल तर दोन्ही अवजारं निरुपयोगी.

गेटवर मोजलं. कान म्हणजे कडी ज्यांच्या भोकांतून जाते ते दोन तुकडे, एक गेटवरचा, एक चौकटीवरचा. दोन्हींची जाडी आणि मधलं अंतर धरलं. कडीला आतून १५ मिलिमीटर उंची पुरते. जुन्या कुलपाची आतली उंची ३० होती. म्हणजे निम्मी कडी उगाच बाहेर लोंबत होती आणि कटर तिथेच बसला असता. नवीन कुलूप आतून २० च्या आसपास हवं, आणि खांदे वर उचललेलं. खांदे म्हणजे कुलपाच्या अंगाचेच दोन्ही बाजूंनी वर आलेले भाग, जे कडीला झाकतात आणि फक्त माथ्याचा थोडा भाग उघडा ठेवतात.

याची एक अडचण आहे. खांदे असलेलं कुलूप कोणत्याही कोयंड्यात बसत नाही. कान रुंद असतील तर खांदे आडवे येतात आणि कडी भोकात शिरतच नाही. म्हणून जाड पुठ्ठ्याचा खांद्यांसकट आकार कापून गेटच्या कानांवर ठेवून पाहिला. डावा कान सहा मिलिमीटर रुंद पडतोय. तो घासावा लागेल. तसाही तो बदलायचाच आहे, त्याबद्दल पुढच्या नोंदीत.

२१ मे

वेल्डर येऊन गेला. गेटचा एक कान बघून म्हणाला, "साहेब, कुलूप कितीही भारी आणा, मी कापायला आलो तर कुलपाला हात नाही लावणार." बरोबर आहे त्याचं. गेटच्या चौकटीवरचा कान म्हणजे दहा मिलिमीटरची साधी सळई वाकवून डागलेली कडी. ७८ चौरस मिलिमीटर मऊ लोखंड. १३ तारखेच्या हिशेबाने तिला कापायला लागणारा जोर माझ्या नव्या कुलपाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी येतो.

ती काढून ८ मिलिमीटर जाड आणि ५० रुंद पट्टीचे दोन कान डागायचे ठरले. पट्टीचं लोखंडही मऊच, पण कटरच्या जबड्यात ५० मिलिमीटर रुंदी मावत नाही. भोक मधोमध न पाडता असं पाडायचं की बाहेरच्या कडेला किमान १५ मिलिमीटर लोखंड राहील. भोक १३ मिलिमीटरचं. ११ ची कडी त्यात सहज जाते, तरी पहारीचं टोक शिरेल इतकी मोकळी जागा उरत नाही. दोन पट्ट्या मिळून जाडी १६ झाली, मधलं अंतर वेल्डर दोनवर आणणार आहे. तरी आतली २० उंची पुरते.

डाग चारी बाजूंनी. चार ठिपके मारून सोडलेला कान पहारीने उपटून निघतो.

एक सूचना वेल्डरला दोनदा दिली: नवीन कुलूप लावून माप घ्यायला हरकत नाही, पण ते लटकत असताना वेल्डिंग करायचं नाही. कडक पोलाद तापून निळं पडलं की पाणी उतरतं. कडी तशीच दिसते, जाडी तीच, पण कानस धरायला लागते. कडीवर निळा-जांभळा पट्टा दिसला की तो भाग मऊ झालेला धरायचा.

२६ मे

आता शटर. इथे मी बराच वेळ अडकलो.

पहिल्यांदा वाटलं होतं की मागचंच कुलूप इथेही लावू. पण बोरॉन पोलाद गंजतं. त्याला वाचवतो तो फक्त वरचा मुलामा, आणि शटर हलतं तेव्हा कडी कोयंड्यावर घासून मुलामा एका रेषेत उडतो. तिथून सुरुवात होते. दुसरी जागा म्हणजे कडी अंगात शिरते तो सांधा. पाणी त्या बारीक फटीत ओढलं जातं आणि उन्हातही लवकर वाळत नाही. जुन्या शटर कुलपाची कडी बाहेरून ठीक दिसत होती. कापून बाहेर काढली तर अंगात असलेला पाय तांबूस खवल्यांनी भरलेला, खाचेची धार गेलेली. कुलूप हल्ली दोनदा दाबल्याशिवाय लागत नव्हतं, ते यामुळे.

मग स्टेनलेसची कडी? इथे खरी गोची आहे. गंजाला उत्तम टिकणारं स्टेनलेस, म्हणजे ३०४ किंवा खाऱ्या हवेसाठी ३१६, उष्णता देऊन कडक करता येत नाही. त्याची रचनाच तशी. साध्या लोखंडापेक्षा ते चिवट असतं, पण बोरॉन कडीच्या कडकपणाला पोचत नाही. कडक करता येणारं स्टेनलेस असतं, ४२० सारखं, पण त्यात क्रोमियम कमी आणि कार्बन जास्त, त्यामुळे ते गंजाला ३०४ इतकं टिकत नाही. थोडक्यात, एकाच कडीत दोन्ही गुण पूर्ण मिळत नाहीत.

चुंबक बरोबर ठेवण्याचा उपयोग इथे होतो. ‘स्टेनलेस कडी’ म्हणून दाखवलेल्या कडीला चुंबक खाडकन चिकटला तर ते मुलामा दिलेलं साधं पोलाद असेल किंवा ४२० च्या जातीचं. ३०४ ला तो चिकटत नाही, वाकवलेल्या भागात किंचित ओढ लागते इतकंच. चुंबक आणि कानस मिळून बरंच सांगून जातात: चिकटतो आणि कानस सरकते, तर कडक, चिकटत नाही आणि कानस धरते, तर गंजाला चांगलं पण मऊ, चिकटतो आणि कानसही धरते, तर ते ठेवून द्यायचं.

प्रमाणपत्रांतही हे दोन गुण वेगळेच मोजलेले असतात. कुलपांच्या युरोपीय मानकात, ईएन १२३२० मध्ये, सुरक्षेच्या १ ते ६ अशा श्रेणी आहेत आणि गंजरोधाची श्रेणी त्यापासून स्वतंत्र. खोक्यावर ठळक छापलेली चौथी श्रेणी सुरक्षेची असते. तिच्यावरून कुलूप पावसात टिकेल असं समजायचं नाही.

३० मे

शटरचा निर्णय झाला. कडकपणा मिळत नसेल तर फट काढून घ्यायची.

चकतीच्या आकाराचं कुलूप घेतलं. गोल अंग, स्टेनलेसच्या दोन वाट्या जोडलेल्या, आणि कडी वर्तुळातच फिरून बंद होणारी. खाली एक छोटी खाच असते, कोयंडा त्यात शिरतो, आणि बाहेर दिसते ती कडी बोटभरसुद्धा नसते. बोल्ट कटरचा जबडा तिथे जाऊच शकत नाही. कडीला चुंबक जवळजवळ लागत नाही, कानस धरते. चालेल. ती मऊ आहे हे माहीत असूनच घेतली आहे. ग्राइंडरने ती जाईल, पण पुढच्या बाजूला रस्ता आहे, ठिणग्या दिसतात.

चकतीच्या कुलपाला कोयंडा मात्र जवळजवळ बसलेला लागतो. शटरच्या तळपट्टीचा कान आणि जमिनीतला कोयंडा यांच्यात सध्या १४ मिलिमीटर अंतर आहे. कुलपाच्या खाचेत एवढं मावत नाही. तळपट्टीचा कान दहा मिलिमीटर आत सरकवून डागायला सांगितलं.

शटर आणि गेटची किल्ली एक होणार नाही. भागीदार थोडा कुरकुरला.

१२ जून

दोन्ही बसली. मागे ११ मिलिमीटरची कडक कडी, दोन्ही पायांना गोळीची पकड, खांदे उचललेलं अंग. कानस माथ्यावर लावून पाहिली: सरकली. लावल्यानंतर कडीच्या माथ्याखाली करंगळीचं टोकही जात नाही.

शटरच्या कुलपाची किल्लीची फट खाली किंवा बाजूला येईल असं बघायचं होतं. वर आली की तिच्यात पाणी आणि माती साचते. कोयंडा आडवा असल्याने फट बाजूला आली, ठीक. पाणी निचरायचं भोक मात्र खालच्याच बाजूला हवं, ते उलटं बसत होतं. वेल्डरने कान उलटा डागून ते सरळ केलं. डागलेल्या जागांवर आणि भोकांच्या आतून झिंकचा रंग. भोकाच्या आतला रंग लोक विसरतात आणि मग कोयंड्याचा गंज कडीवर उतरतो.

आत तेल घातलेलं नाही. तेलावर धूळ बसून त्याचा चिकट लगदा होतो आणि किल्लीने हलणाऱ्या आतल्या पिना चिकटतात. ग्राफाइटची कोरडी भुकटी दोन्हीकडे फुंकली.

२७ जुलै

पाऊस जोरात आहे. शटरचं कुलूप रोज चिखलाने माखतं. किल्ली परवापासून किंचित अडखळत होती. किल्ली पूर्ण आत जाऊन फिरताना अडखळली तर पिनांमध्ये घाण, आणि आत जातानाच अडली तर फटीत माती. इथे दुसरा प्रकार. निचऱ्याचं भोक तारेने मोकळं केलं, आतून तपकिरी पाणी आलं. हवेच्या पंपाने फुंकून पुन्हा ग्राफाइट. आता सरळ जाते.

अंगाच्या जोडावर दोन तांबूस ठिपके दिसले, छातीत धस्स झालं. ओल्या कापडाने पुसले तर निघून गेले. ते शटरच्या पत्र्यावरून उतरलेला गंज होता. स्टेनलेस स्वतः गंजू लागलं असतं तर पुसूनही बारीक खड्डे राहिले असते.

मागच्या कुलपाला पाणी लागलेलं नाही.

१८ सप्टेंबर

दोन्ही काढून तपासली. शटरच्या कुलपाची कडी बाहेरून आणि आतून स्वच्छ, फक्त घासल्याच्या रेषा. मागच्या कडीवर, कोयंडा टेकतो तिथे, मुलामा रेषेभर उडालाय आणि खाली केसाएवढा गंज. स्लॅबखाली असूनही, दमट हवेने. बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसून तिथे मेणाचा पातळ हात दिला.

वेल्डर म्हणाला, "द्या, मुलामा देणाऱ्याकडून परत चढवून आणतो." नको म्हटलं. कडक पोलादाला आम्लात धुऊन विजेने मुलामा चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर नीट भाजून तो काढला नाही तर कडी ठिसूळ होते, पुढे कधीतरी आपोआप तडकते. कुलूप बनवणाऱ्या कारखान्यात ती भट्टी असते, साध्या मुलामा देणाऱ्याकडे असेलच असं नाही. मेणाचा हात दर दोन महिन्यांनी, आणि कडीची जाडी पुढच्या पावसाआधी परत मोजायची. आज ११.० आहे.

सुट्या किल्ल्यांवर रंग लावले: मागच्या लाल, पुढच्या पिवळ्या. किल्लीवरचा कोड वहीत लिहून तो कोरलेला बिल्ला किल्लीपासून वेगळा ठेवला आहे.